इनफिक्स ते पोस्टफिक्स: उत्तर १२ यायला पाहिजे आणि १६, १४, ४ नाहीतर -८ येतंय?

आमच्याकडं राजारामपुरीत संध्याकाळच्या बॅचला बीसीए, बीसीएस आणि डिप्लोमाची पोरं येतात आणि डेटा स्ट्रक्चरचं प्रॅक्टिकल जवळ आलं की दर वर्षी तोच प्रश्न येतो, "सर, कंपाईल व्यवस्थित व्हायलंय, रन पण व्हायलंय, पण उत्तर चुकीचं यायलंय." एरर असती तर लाईन नंबर तरी मिळाला असता, इथं नुसतं चुकीचं उत्तर हातात असतं आणि सत्तर-ऐंशी ओळींच्या कोडमध्ये बघायचं कुठं हेच कळत नाही. म्हणून मी आता सगळ्यांना एकच एक्सप्रेशन देतो, कारण यात नेहमीच्या चुकांपैकी जवळपास प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं, त्यामुळं उत्तर बघूनच कोडचा कुठला भाग बिघडलाय ते सांगता येतं.

```
20 - 6 - 2 * (7 - 3) / 4
```

बरोबर उत्तर १२. आधी हातानं करून बघा, कंसात ४, दोन गुणिले चार आठ, भागिले चार दोन, आणि वीसातून सहा गेले चौदा, त्यातून दोन गेले बारा.

बरीच पोरं `2 + 3 * 4` वर टेस्ट करतात आणि १४ आलं की खूश होतात. त्या एक्सप्रेशनमध्ये सारख्या दर्जाचे दोन ऑपरेटर शेजारी येतच नाहीत, आणि बेरीज-गुणाकारात आकडे उलटे घेतले तरी उत्तर तेच येतं, म्हणजे कोडमध्ये दोन मोठ्या चुका असल्या तरी १४ च दिसणार. तसली टेस्ट केली काय न केली काय, सारखंच.

आधी वहीवर

कोड उघडायच्या आधी कागदावर ट्रेस करायचा, याला पर्याय नाही. ही पद्धत डाइक्स्ट्रानं १९६१ च्या रिपोर्टमध्ये मांडली, शंटिंग यार्ड म्हणतात तिला, आणि नियम फार नाहीत. आकडा आला की सरळ आउटपुटला. ऑपरेटर आला की स्टॅकच्या टॉपला बघायचं, तिथला ऑपरेटर आलेल्यापेक्षा मोठा किंवा त्याच्याएवढाच असेल तर तो काढून आउटपुटला टाकायचा, परत टॉप बघायचा, असं थांबेपर्यंत करायचं आणि मग नवीन ऑपरेटर स्टॅकवर टाकायचा. उघडा कंस आला की कुणाशी तुलना न करता सरळ स्टॅकवर. बंद कंस आला की उघडा कंस सापडेपर्यंत सगळं आउटपुटला आणि मग तो उघडा कंस फेकून द्यायचा. एक्सप्रेशन संपलं की स्टॅकमध्ये जे उरलंय ते वरून खाली आउटपुटला.

```
टोकन   स्टॅक       आउटपुट
20     रिकामा      20
-      -           20
6      -           20 6
-      -           20 6 -
2      -           20 6 - 2
*      - *         20 6 - 2
(      - * (       20 6 - 2
7      - * (       20 6 - 2 7
-      - * ( -     20 6 - 2 7
3      - * ( -     20 6 - 2 7 3
)      - *         20 6 - 2 7 3 -
/      - /         20 6 - 2 7 3 - *
4      - /         20 6 - 2 7 3 - * 4
शेवट   रिकामा      20 6 - 2 7 3 - * 4 / -
```

यातल्या दोन ओळींवर बोट ठेवा. चौथ्या ओळीत दुसरा `-` आला तेव्हा स्टॅकवर पहिला `-` होता, दोघांचा दर्जा सारखा, म्हणून आधीचा बाहेर पडला आणि नवीन त्याच्या जागी बसला, त्यामुळं स्टॅक दिसायला तसाच आहे पण आतला `-` बदललाय, आणि पोरं नेमकं इथंच फसतात. तसंच `/` आला तेव्हा `*` बाहेर पडला, पण त्याच्या खालचा `-` राहिला कारण तो `/` पेक्षा हलका आहे.

आता पोस्टफिक्स सोडवायचं. यात कंस नाही, दर्जा नाही, आकडा आला की स्टॅकवर टाकायचा आणि ऑपरेटर आला की वरचे दोन काढून उत्तर परत टाकायचं.

```
टोकन    स्टॅक
20 6    20 6
-       14
2 7 3   14 2 7 3
-       14 2 4
*       14 8
4       14 8 4
/       14 2
-       12
```

आता तुमच्या प्रोग्रॅममधून पोस्टफिक्स स्ट्रिंग स्क्रीनवर प्रिंट करा. माझ्याकडं कोड घेऊन आलेल्या निम्म्या पोरांनी ती प्रिंटच केलेली नसते, नुसतं शेवटचं उत्तर बघत बसतात. पोस्टफिक्स वरच्यासारखं आलं तर पहिला भाग ठीक आहे, बिघाड इव्हॅल्युएशनमध्ये. वेगळं आलं तर इव्हॅल्युएशनला हात लावायचा नाही, आधी कन्व्हर्जन.

उत्तर १६ येतंय

हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार. तुमचं पोस्टफिक्स असं दिसत असेल:

```
20 6 2 7 3 - 4 / * - -
```

शेवटी दोन `-` एकापाठोपाठ आलेत बघा, ही त्याची खूण. म्हणजे दुसरा `-` आला तेव्हा पहिला बाहेर पडलाच नाही, दोघं एकावर एक बसून राहिले आणि शेवटी वरचा आधी निघाला. मग हिशोब होतो `20 - (6 - 2)`, आतले चार, वीसातून चार गेले सोळा. कारण एका चिन्हाचं असतं:

```c
// चूक
while (top != -1 && prec(st[top]) > prec(ch))
// बरोबर
while (top != -1 && prec(st[top]) >= prec(ch))
```

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हे डावीकडून उजवीकडं चालतात, म्हणजे सारख्या दर्जाचे दोन आले तर डावीकडचा आधी व्हायला पाहिजे, आणि आधी व्हायचं म्हणजे पोस्टफिक्समध्ये आधी लिहिला जायला पाहिजे. `>=` मधलं `=` तेवढंच काम करतं. `>` ठेवलं की सगळी गणितं उजवीकडून सुटायला लागतात, आणि नुसती बेरीज असेल तर फरक दिसत नाही, `5 + 4 + 3` कुठूनही सोडवा १२ च येतं, म्हणून ही चूक कितीतरी दिवस लपून राहते.

आणि `top != -1` हे आधीच पाहिजे, `&&` च्या डावीकडं. उलटं लिहिलं तर स्टॅक रिकामा असताना `st[-1]` वाचलं जातं, कधी चालतं कधी क्रॅश होतं, आणि मग पोरं म्हणतात काल चालत होतं.

याच जागेवर आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे कारण ती आपल्या शाळेतून आलेली आहे. कंचेभागुबेव सगळ्यांना पाठ असतं, आणि काहीजण त्यावरून `prec` फंक्शनमध्ये चार वेगळे दर्जे देतात, भागाकाराला ४, गुणाकाराला ३, बेरजेला २, वजाबाकीला १. ते बरोबर नाही. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर, बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर, आणि एका पायरीवरचे जसे डावीकडून येतील तसे. गंमत म्हणजे आपल्या वरच्या एक्सप्रेशनमध्ये ही चूक पकडली जात नाही, तिथं `2 * (4 / 4)` होतं आणि उत्तर दोनच येतं, शेवटी १२ च. म्हणून `10 - 3 + 2` हे पण चालवून बघा. ९ आलं पाहिजे. ५ आलं तर बेरजेला वजाबाकीच्या वर बसवलंय, आधी तीन अधिक दोन करून मग दहातून वजा केलं.

```c
int prec(char c) {
    if (c == '*' || c == '/') return 2;
    if (c == '+' || c == '-') return 1;
    return 0;   // उघडा कंस
}
```

उत्तर १४ येतंय

पोस्टफिक्स अगदी बरोबर छापलंय, आणि तरी १४. इथं पॉप करताना आकडे उलटे घेतलेत. स्टॅकमधून पहिला जो बाहेर येतो तो उजवा आकडा असतो, कारण तो शेवटी आत गेलेला. `20 6 -` मध्ये आधी ६ निघतो, मग २०, आणि आपल्याला पाहिजे `20 - 6`. त्यामुळं दोन व्हेरिएबल घ्यायचे आणि क्रम लक्षात ठेवायचा:

```c
b = pop();
a = pop();
push(a - b);
```

उलटं केलं तर काय होतं ते बघा, पहिली वजाबाकी -१४, कंसातली -४, गुणाकार -८, मग भागाकार ४ भागिले -८, सी मध्ये इंटिजर असल्यामुळं शून्य, आणि शेवटी शून्यातून -१४ वजा म्हणजे १४. पायथनमध्ये `/` वापरलं असेल तर हेच १३.५ दिसतं आणि `//` वापरलं असेल तर १३, कारण पायथन तिथं खालच्या आकड्याकडं जातं आणि सी शून्याकडं.

फक्त भागाकारात उलटं झालं असेल आणि वजाबाकी बरोबर असेल तरी १४ च येतं, आठ भागिले चारच्या जागी चार भागिले आठ होऊन शून्य येतं आणि १४ मधून शून्य जातं. त्यामुळं १४ दिसलं की दोन्ही ओळी बघायच्या. पण याच्याही पुढची गोष्ट आहे आणि ती धोक्याची. समजा भागाकार बरोबर लिहिलाय आणि फक्त वजाबाकी उलटी आहे. मग -१४, -४, -८, भागिले चार -२, आणि शेवटची वजाबाकी उलटी म्हणजे -२ मधून -१४ वजा, उत्तर १२! चुकीच्या कोडमधून बरोबर उत्तर, कारण प्रत्येक ठिकाणी चिन्ह उलटत गेलं आणि शेवटी परत सुलट झालं. म्हणून १२ आलं की लगेच वही मिटायची नाही, `9 - 4` एवढं साधं चालवून ५ येतंय का -५ ते बघायचंच. आणि इव्हॅल्युएशनच्या लूपमध्ये प्रत्येक ऑपरेटरनंतर जे पुश करताय ते प्रिंट करा, १४, ४, ८, २, १२ असंच यायला पाहिजे. कुठला आकडा पहिल्यांदा चुकला तिथंच बिघाड.

आता या चुकीचा सगळ्यात त्रासदायक प्रकार. कुणीतरी दोन व्हेरिएबल वाचवायला असं लिहितं:

```c
push(pop() - pop());
```

सी मध्ये या दोन `pop()` पैकी कुठला आधी चालेल हे भाषेच्या स्टँडर्डनं ठरवलेलंच नाही, कंपायलरला पाहिजे तसं तो करतो. त्यामुळं घरच्या लॅपटॉपवर बरोबर आणि लॅबच्या मशीनवर चूक, नाहीतर ऑप्टिमायझेशन चालू केलं की उत्तर बदललं, असलं सगळं होऊ शकतं आणि पोरगं मशीनला दोष देत बसतं. जावा आणि पायथनमध्ये डावीकडचा आधी चालतो हे ठरलेलं आहे, म्हणजे तिथं वरची ओळ हमखास उलटं उत्तर देणार. कुठल्याच भाषेत असं लिहू नका, दोन ओळी जास्त लागल्या तर लागू देत.

१६ आणि १४ ची कारणं एकाच कोडमध्ये असतील तर उत्तर -२८ येतं. ते दिसलं तर आधी `>=` दुरुस्त करा, मग पॉपचा क्रम.

उत्तर ४ येतंय

हे पटकन होतं. एक्सप्रेशन संपल्यावर स्टॅक रिकामा करायचा राहिलाय. पोस्टफिक्स `20 6 - 2 7 3 - * 4` एवढंच छापलं जातं, `/` आणि `-` आतच राहतात, आणि इव्हॅल्युएशनच्या स्टॅकवर १४, ८, ४ असे तीन आकडे उरतात ज्यातला वरचा ४ उत्तर म्हणून बाहेर येतो. लूपच्या बाहेर `while (top != -1)` लावून उरलेले पॉप करा. आणि इव्हॅल्युएशन संपल्यावर स्टॅकमध्ये नेमका एकच आकडा आहे का हे तपासणारी ओळ टाकून ठेवा, जास्त असतील तर मेसेज द्या, म्हणजे असली चूक उत्तराचं सोंग घेऊन येणार नाही.

उत्तर -८ किंवा नुसतं २० येतंय

-८ म्हणजे तुम्ही एकेक कॅरेक्टर वाचताय. २० चं `2` आणि `0` वेगळं झालं, पोस्टफिक्स `206-273-*4/-` असं सलग छापलं, आणि ते परत वाचताना ० मधून ६ गेले -६, त्यातून शेवटी २ गेले -८, आणि पहिला २ बिचारा स्टॅकच्या तळाला पडून राहिला. पुस्तकातले बरेच प्रोग्रॅम एक अंकी आकड्यांसाठीच लिहिलेले असतात, ते तसेच उचलले की हे होतं. आउटपुटमध्ये प्रत्येक आकड्यानंतर स्पेस टाका आणि वाचताना आख्खा आकडा वाचा:

```c
num = 0;
while (isdigit((unsigned char)s[i])) {
    num = num * 10 + (s[i] - '0');
    i++;
}
i--;
```

शेवटचं `i--` विसरू नका, बाहेरच्या `for` मध्ये `i++` असेल तर ते पाहिजेच. नसलं तर आकड्याच्या लगेच पुढचं एक कॅरेक्टर गिळलं जातं. `20 - 6` मध्ये पुढं स्पेस आहे म्हणून काही कळत नाही, पण `3)` मधला बंद कंस गायब होतो आणि मग पोस्टफिक्समध्ये `(` छापलेला दिसतो. आणि `- '0'` राहिलं तर एकच अंक वाचला तरी ७ च्या जागी ५५ जातो, पण `7 - 3` ला तरी ४ च येतं कारण दोन्हीकडं ४८ जास्त असतात आणि वजाबाकीत ते कटतात, त्यामुळं वजाबाकीवर ही चूक तपासता येत नाही, `2 * 3` वर तपासा.

नुसतं २० येत असेल तर प्रोग्रॅममध्ये फार काही चुकलेलं नाही, तुम्ही `scanf("%s", s)` वापरलंय आणि ते पहिल्या स्पेसला थांबतं. `fgets` घ्या, आणि त्यासोबत ओळीच्या शेवटी येणारं न्यूलाईन `isspace` नं वगळा, नाहीतर तेच ऑपरेटर समजून स्टॅकवर जाईल.

पोस्टफिक्समध्ये कंस दिसतोय, किंवा स्टॅक अंडरफ्लो

पोस्टफिक्समध्ये कंस कधीच दिसायला नको. दिसला आणि `i--` ची भानगड नसेल तर `prec` मध्ये उघड्या कंसाला मोठा दर्जा दिलाय, कंस सगळ्यात आधी सोडवायचा म्हणून. स्टॅकवर बसल्यावर तो सगळ्यात हलका पाहिजे, कारण त्याच्यावर आलेल्या ऑपरेटरनं त्याला बाहेर ढकलायचं नाही, त्याला काढायचा अधिकार फक्त बंद कंसाला. अंडरफ्लो येत असेल तर उलटं झालंय, उघडा कंस आत टाकताना तुम्ही त्याला पण त्या `while` मधून नेलंय, दर्जा शून्य असल्यामुळं त्यानं `*` आणि `-` दोघांना बाहेर काढलं, पोस्टफिक्स `20 6 - 2 * -` असं सुरू झालं, १४ गुणिले २ झाले २८ आणि पुढच्या `-` ला दुसरा आकडाच मिळाला नाही. उघड्या कंसासाठी वेगळं `if`, त्यात फक्त पुश.

एवढं करून पण अडलं तर

घात असेल तर वरचा `>=` चा नियम बदलतो. `2 ^ 3 ^ 2` गणितात उजवीकडून सुटतं, तीनाचा वर्ग नऊ आणि दोनाचा नववा घात ५१२. सरळ `>=` ठेवलं तर आठाचा वर्ग ६४ येतो. म्हणून आलेला ऑपरेटर `^` असेल तेव्हाच `>` लावायचं, बाकीच्यांना `>=`, आणि `prec` मध्ये `^` ला ३. एक लक्षात ठेवा, हे तुमच्या प्रोग्रॅमच्या इनपुटमधलं `^` आहे, सी च्या कोडमध्ये `a ^ b` लिहिलं तर तो घात नाही, बिटवाइज एक्सॉर होतो, तिथं स्वतःचा गुणाकाराचा लूप लावा.

आणि `-5 + 3` दिलं तर वरचं सगळं बरोबर असून पण अंडरफ्लो येणार, कारण आपला प्रोग्रॅम सुरुवातीच्या `-` ला वजाबाकी समजतो आणि त्याच्या डावीकडं आकडा नाही. ते नीट करायचं तर आधीचं टोकन बघावं लागतं, सुरुवातीला, उघड्या कंसानंतर किंवा दुसऱ्या ऑपरेटरनंतर आलेला `-` हा ऋण चिन्ह समजायचा आणि त्याला वेगळं नाव देऊन स्टॅकवर टाकायचा, इव्हॅल्युएशनला मग तो एकच आकडा पॉप करतो. प्रॅक्टिकलला ते सहसा विचारत नाहीत, तिथं इनपुटमध्ये `(0 - 5) + 3` असं लिहून दिलं की -२ बरोबर येतं.